जर्मनीत जन्मलेल्या बाळाची दूतावासात नोंद: पोस्टाने पाठवताना सोबतचं पत्र कसं लिहायचं

माझा भाचा आणि भाचेसून जर्मनीत असतात, बाळ तिकडेच झालं, आणि त्याची भारतीय दूतावासात जन्मनोंद करायचे कागद पोस्टाने पाठवायचे होते. सोबत कव्हरिंग लेटर हवं म्हणाले. आता मी पिंपळगाव बसवंतला द्राक्ष एक्सपोर्टच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघते, सीझनला दिवसभर कंटेनरच्या कागदांवर अशी पत्रं लावत असते, त्यामुळे "आत्या तूच लिहून दे" असं ठरलं. तरीही आमचं पहिलं पाकीट परत आलं. चूक आमचीच होती आणि ती आपल्याकडच्या कोणाच्याही हातून होईल अशी आहे, म्हणून सगळं नीट क्रमाने लिहिते.

आधी ही नोंद म्हणजे काय ते थोडक्यात, कारण पत्राची पहिली ओळ त्यावरच आहे. भारताबाहेर जन्मलेलं बाळ, आईबाप दोघं भारतीय असले तरी, आपोआप भारतीय नागरिक होत नाही. ३ डिसेंबर २००४ पासून कायदा असा आहे की जन्म झाल्यापासून एका वर्षाच्या आत त्या देशातल्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जन्माची नोंद झाली पाहिजे, आणि आईवडिलांनी लिहून दिलं पाहिजे की बाळाकडे दुसऱ्या कुठल्या देशाचा पासपोर्ट नाही. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ४, पोटकलम १. वर्ष उलटलं तरी नोंद होऊ शकते पण मग केंद्र सरकारची परवानगी लागते, म्हणजे फाइल दिल्लीला जाते, आणि ते किती दिवसात येईल याचा भरवसा कोणी देत नाही.

आमच्या शेजारच्या काकांनी सांगितलं, अहो इथे महापालिकेत नोंदवून टाका ना जन्म. तसं नाही होत. आईबाप कायमचे भारतात राहायला आले, आणि तिकडच्या दूतावासाकडून नोंद आलेली नसली, तर बाळ भारतात आल्यापासून ६० दिवसात इथे जन्मनोंद करता येते, तशी तरतूद जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात आहे खरी. पण ती जन्माची नोंद झाली, नागरिकत्वाची नाही. दोन्ही गोष्टींना आपण "नोंद" म्हणतो त्यामुळे घोळ होतो.

पत्र लिहायच्या आधी

पत्र सगळ्यात शेवटी लिहायचं. मी पहिल्यांदा उत्साहात पत्र आधी लिहिलं आणि कागद नंतर गोळा केले, मग पत्रात लिहिलेलं एक आणि पाकिटात दुसरंच असं झालं असतं, नशिबाने भाच्याच्या लक्षात आलं.

पहिलं काम, कागद कुठल्या ऑफिसला जाणार ते नक्की करा. जर्मनीत बर्लिनला दूतावास आहे आणि म्युनिक, फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग इथे वाणिज्य दूतावास आहेत, आणि प्रत्येकाकडे ठराविक राज्यं वाटून दिलेली आहेत. तुम्ही राहता ते राज्य ज्याच्याकडे, तिथेच पाठवायचं. त्यांच्या साइटवर हे लिहिलेलं असतं आणि तिथेच हेही बघा की जन्मनोंदीचा अर्ज पोस्टाने घेतात का, की समोर जाऊन द्यावा लागतो, की मधल्या एजन्सीमार्फत. प्रत्येक मिशनची, म्हणजे दूतावासाची किंवा वाणिज्य दूतावासाची, पद्धत वेगळी असते, आणि एकाच मिशनची पद्धतसुद्धा वर्षभरात बदलते, म्हणून ओळखीच्या कोणी दोन वर्षांपूर्वी असं केलं होतं यावर जाऊ नका. साइटवरची कागदांची यादी आजच्या तारखेची प्रिंट करून घ्या. पत्रातली यादी त्याच क्रमाने लावायची आहे.

दुसरं, ऑनलाइन फॉर्म. तो indiancitizenshiponline.nic.in वर भरायचा असतो, कलम ४(१) ची निवड करून. भरून झाला की गृह मंत्रालयाचा एक फाइल नंबर येतो, सगळे त्याला एमएचए नंबर म्हणतात. हा नंबर म्हणजे तुमच्या पत्राचा कणा. पत्रात, पाकिटावर, ईमेलमध्ये सगळीकडे तोच. फॉर्मची प्रिंट काढून आईवडिलांनी शाईने सह्या करायच्या.

तिसरं, नाशिकहून जे कागद जायचे ते आधी तिकडे पोरांकडे पाठवा, थेट दूतावासाला नाही. मला वाटलं होतं लग्नाचं सर्टिफिकेट तर माझ्या कपाटात आहे, जीपीओतून स्पीडपोस्ट करून देते सरळ तिकडे, दोन फेऱ्या कशाला. पण विचार करा, तिथे एक पाकीट जर्मनीतून येतंय आणि एक नाशिकहून, दोन वेगळ्या दिवशी, आणि नाशिकच्या पाकिटात नुसतं एक लग्नाचं सर्टिफिकेट, ते कोणाच्या फाइलला लावायचं ते त्यांना कसं कळणार? एका अर्जाचं एकच पाकीट, एकाच हाताने गेलेलं. नाशिकहून भाच्याला पाठवायला ईएमएस स्पीडपोस्ट चालतं, त्याचा ट्रॅकिंग नंबर शेवटी आयएन असलेला असतो, तो पावतीवरून फोटो काढून लगेच पाठवून द्या.

लग्नाचं सर्टिफिकेट म्हणजे महाराष्ट्रातला तो नमुना ई. एकच ओरिजिनल असेल तर महापालिकेतून आणखी एक प्रमाणित प्रत काढून घ्या आणि एक घरी राहू द्या. आमच्या इथे एका एजंटने सांगितलं की परदेशात पाठवायचं म्हणजे अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, लागेलच, इतके पैसे द्या. मी विचारलं, भारतीय ऑफिसचा कागद भारतीय ऑफिसलाच चाललाय, मग कशाला? अपोस्टिल हे परक्या देशाच्या ऑफिसला दाखवायला असतं. तुमच्या मिशनच्या यादीत स्पष्ट लिहिलं असेल तरच करा, नाहीतर गरज नाही.

पत्र कोण वाचणार

पत्र वाचणारा माणूस म्हणजे सकाळी टपालाचा गठ्ठा समोर घेऊन बसलेला. त्याला पाकीट फोडल्यावर पहिल्याच कागदावरून कळलं पाहिजे की हे कोणाचं, कशासाठी, आत काय काय आहे, कुठे काही जुळत नाहीये का, आणि परत कुठे पाठवायचं. इतकंच. आमच्याकडे कंटेनरच्या कागदांचंही असंच असतं, बँकेतला माणूस कव्हरिंग लेटर आणि आतले कागद टिकमार्क करत मोजतो, एक कमी पडला की सगळा गठ्ठा बाजूला ठेवतो. तिथे विनंती, आभार, "आपले कृपाभिलाषी" वगैरे काही कामाचं नसतं. एक पान, त्याच्या वर जायचं नाही.

पत्र इंग्रजीत लिहायचं. मी इथे मराठीत देते म्हणजे कुठली ओळ कशासाठी ते कळेल, तुम्ही आपापल्या शब्दात इंग्रजी करून घ्या. आमच्या दुसऱ्या पाकिटातलं, म्हणजे पास झालेलं पत्र साधारण असं होतं, नावं आणि नंबर काढून टाकलेत:

> प्रति, कॉन्सुलर विंग, (मिशनचं नाव व पूर्ण पत्ता)
> दिनांक:
>
> विषय: नागरिकत्व कायदा १९५५, कलम ४(१) खाली अज्ञान बालकाच्या जन्माची नोंदणी. एमएचए फाइल नंबर: … बालकाचं नाव: … जन्मतारीख: …
>
> महोदय,
>
> आम्ही दोघं भारतीय नागरिक असून … या पत्त्यावर राहतो. आमच्या मुलाचा जन्म दिनांक … रोजी … येथे झाला. वरील कलमाखाली त्याच्या जन्माची नोंदणी व्हावी यासाठी अर्ज व कागदपत्रं सोबत जोडत आहोत. मुलाकडे दुसऱ्या कोणत्याही देशाचा पासपोर्ट नाही, तसं दोघांच्या सहीचं प्रतिज्ञापन अनुक्रमांक २ ला आहे.
>
> यापूर्वी दिनांक … रोजी पाठवलेला अर्ज (जुना एमएचए नंबर …) नावात तफावत असल्याने परत आला होता. आता जन्मदाखल्याप्रमाणे नाव लिहून नवीन अर्ज भरला आहे. जुना नंबर विचारात घेऊ नये.
>
> दोन बाबी लक्षात आणून देत आहोत: (अ) आईच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे, लग्नाच्या दाखल्यात तेच लग्नापूर्वीचं नाव म्हणून नोंदलेलं आहे, अनुक्रमांक ६. (आ) जन्मगावाच्या नावातलं जर्मन अक्षर फॉर्ममध्ये घेतलं जात नसल्याने साध्या अक्षरांत लिहिलं आहे.
>
> सोबत: (आठ कागदांची यादी, प्रत्येकापुढे मूळ की प्रत, आणि पानं किती)
>
> फी: दिनांक … रोजी … युरो भरले, व्यवहार क्रमांक …, पावती अनुक्रमांक ७.
>
> कागद परत पाठवण्यासाठी आमचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं रजिस्टर्ड पाकीट सोबत आहे.
>
> आई व वडील दोघांच्या सह्या, नावं पासपोर्टप्रमाणे, फोन, ईमेल

विषयाच्या ओळीत जन्मतारीख का घातली सांगते. एक वर्षाची मुदत आहे ना, ती बघणाऱ्याला तिथल्या तिथे दिसते. बाळाला अकरावा महिना वगैरे चालू असेल तर पत्रात एक वाक्य जास्तीचं घाला, "एक वर्षाची मुदत अमुक तारखेला संपते". पण अकराव्या महिन्यापर्यंत थांबूच नका, कारण पाकीट एकदा परत आलं की जाऊन येऊन तीन-चार आठवडे सहज जातात, आमचे गेले.

प्रतिज्ञापनाबद्दल एक सांगायचं राहिलं. जर्मनीत २७ जून २०२४ पासून असं आहे की आई किंवा बाप तिथे ५ वर्षं कायदेशीर राहत असेल आणि त्यांच्याकडे कायमचा राहण्याचा हक्क असेल तर तिथे जन्मलेलं बाळ जन्मतःच जर्मन नागरिक धरलं जातं, आधी ही अट ८ वर्षांची होती. भारताच्या कायद्यात या नोंदीसाठी प्रश्न पासपोर्टचा विचारलाय. तर बाळाचा जर्मन पासपोर्ट काढलेला असेल तर हे प्रतिज्ञापन करूच नका, खोटं होईल, मग ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डाचा, रस्ता आहे, तो वेगळा विषय. पोरांनी हे आधी बसून ठरवायचं. आमच्यावाल्यांना ५ वर्षं झालेली नव्हती त्यामुळे प्रश्नच आला नाही.

पहिलं पाकीट परत का आलं

आता मुख्य गोष्ट. समजा बापाचं नाव सागर, आडनाव पाटील, आणि बाळाचं नाव ठेवलं वेद. नाशिकमध्ये कोणालाही विचारा बाळाचं पूर्ण नाव काय, तो सांगणार वेद सागर पाटील. शाळेच्या दाखल्यावर तेच, रेशनकार्डावर तेच, बारशाच्या पत्रिकेवर तेच. ऑनलाइन फॉर्म भरायला भाच्याला वेळ नव्हता, रात्रपाळी आणि वर तान्हं बाळ, म्हणून इथून मी भरला आणि हात सवयीने चालला. नावाच्या रकान्यात "वेद सागर", आडनावाच्या रकान्यात "पाटील".

पण जर्मन नोंदणी कार्यालयाने दिलेल्या जन्मदाखल्यावर बाळाचं नाव नुसतं "वेद", आडनाव "पाटील". तिकडे बापाचं नाव मध्ये घालायची पद्धतच नाही, मधलं काही असलं तर ते बाळाचं स्वतःचं दुसरं नाव धरतात. पोरांनी हॉस्पिटलच्या फॉर्मवर एकच नाव लिहिलं होतं, तेच दाखल्यावर आलं. म्हणजे झालं काय की दाखल्यावर एक मुलगा आणि फॉर्मवर दुसरा. आणि मी पत्रातही ठळक करून वेद सागर पाटील लिहिलं होतं, त्यामुळे पाकीट फोडल्या फोडल्या तफावत दिसली असणार. परत आलेल्या गठ्ठ्यावर एक ओळीची चिठ्ठी होती, नाव जन्मदाखल्याप्रमाणे नाही.

मला आधी वाटलं एक खुलाशाचं पत्र जोडून देऊ, की महाराष्ट्रात बापाचं नाव मधलं नाव म्हणून लावतात. भाचेसून म्हणाली, "आत्या, ते काय महाराष्ट्रातले नाहीयेत का तिथे बसलेले, त्यांना माहितीये. पण त्यांनी दाखला बघून नोंद करायची ना." बरोबर आहे. खुलासा करून तफावत मिटत नाही. तफावत दोन प्रकारची असते हे मला तेव्हा कळलं. एक, जी तुमच्या हाताने झालीय आणि तुम्ही दुरुस्त करू शकता, ती दुरुस्तच करायची. दुसरी, जी कागदांमध्ये आधीपासून आहे आणि बदलता येणार नाही किंवा बदलायला महिने लागतील, जसं आईचं माहेरचं आडनाव, ती पत्रात आपण होऊन सांगायची आणि कुठल्या अनुक्रमांकाचा कागद बघितल्यावर ती उलगडते ते लिहायचं. वाचणाऱ्याने शोधायच्या आधी आपण दाखवली की तो तिथे अडत नाही.

मग नवीन फॉर्म भरला, नवीन एमएचए नंबर आला, आणि तो नवीन नंबर पत्रात गेला. जुन्या पत्राची फाइल उघडून नुसती तारीख बदलायची चूक करू नका, मी करणार होते, जुना नंबर तसाच राहिला असता खालच्या एका ओळीत.

तफावत तपासायची सोपी पद्धत अशी की एका कोऱ्या कागदावर रकाने पाडा, बाळाचं नाव, बाप, आई, जन्मतारीख, जन्मगाव, पत्ता. मग एकेक कागद हातात घेऊन त्यावर जसं लिहिलंय तसं अक्षर न अक्षर उतरवा, डोक्यातलं नाही. कुठे वेगळं दिसलं की गोल करा. आमच्याकडे यात अजून एक सापडलं, भाच्याच्या पासपोर्टवर जन्मगाव नाशिक हे इंग्रजीत एच न घालता लिहिलेलं, आणि लग्नाच्या दाखल्यावर एच घालून. हे नाशिककरांचं जुनंच दुखणं आहे. पण ते पत्रात नाही घातलं, कारण ते बापाचं जन्मगाव, त्यावर बाळाची ओळख अडत नाही, आणि फॉर्ममध्ये पासपोर्टवर आहे तसंच भरलं. सगळ्या बारीकसारीक गोष्टींचे खुलासे देत बसलात तर पत्र दोन पानी होतं आणि वाचणाऱ्याला उगाच शंका यायला लागते की एवढं काय लपलंय.

यादी आणि गठ्ठा

यादीत प्रत्येक कागदाला नंबर, त्यापुढे मूळ की प्रत, आणि पानांची संख्या. आमची अशी होती: १ ऑनलाइन फॉर्मची सही केलेली प्रिंट, २ पासपोर्ट नसल्याचं प्रतिज्ञापन, ३ बाळाचा जन्मदाखला, ४ बापाच्या पासपोर्टच्या प्रती, ५ आईच्या पासपोर्टच्या प्रती, ६ लग्नाचा दाखला, ७ फीची पावती, ८ राहण्याच्या परवान्याच्या आणि पत्तानोंदीच्या प्रती. तुमची यादी तुमच्या मिशनप्रमाणे असेल, हा क्रम पाठ करू नका. जर्मनीत जन्मदाखला मागताना आंतरराष्ट्रीय नमुन्यातला मागा, तो अनेक भाषांत छापलेला असतो, त्यात इंग्रजीही असते, भाषांतराचा खर्च वाचतो.

"पासपोर्टची प्रत" एवढंच लिहू नका. पहिलं पान, शेवटचं पान, आणि परवान्याचं स्टिकर असेल तर ते पान, असं लिहा, "३ पानं". पासपोर्टच्या प्रतीवर ज्याचा पासपोर्ट त्याची सही. मूळ पासपोर्ट यादीत मागितला असेल तरच पाठवायचा, आणि पाठवला तर पत्रात नंबरासकट "मूळ, परत हवा" लिहायचं, आणि तो पोस्टात असेपर्यंत कुठलाही प्रवास ठरवायचा नाही. गंमत म्हणजे हीच पासपोर्टची पुस्तकं आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापली जातात, आमच्या ओळखीतले दोघंतिघं तिथून रिटायर झालेत, आणि मी इथे बसून त्याच पुस्तकाच्या काळजीत.

प्रत्येक कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलने यादीतला नंबर टाका. गठ्ठा त्याच क्रमाने, सगळ्यात वर पत्र. स्टेपल मारू नका, क्लिप लावा, कारण त्यांना प्रत्येक कागद स्कॅन करायचा असतो आणि पिना काढताना दाखले फाटतात. जन्मदाखल्याची घडी घालायची नाही, म्हणून जाणारं पाकीट ए४ मावेल एवढं. गठ्ठा बंद करायच्या आधी पत्रासकट सगळं स्कॅन करून एका पीडीएफमध्ये ठेवा. आमचं पहिलं पाकीट परत आलं तेव्हा चिठ्ठी मिळाली म्हणून बरं, नाहीतर काय गेलं होतं ते बघायला दुसरा आधार नसतो.

नोटा पाकिटात घालू नका. फी कशी भरायची ते साइटवर असतं, बँकेने भरायची असेल तर व्यवहाराच्या शेऱ्यात एमएचए नंबर आणि बाळाचं आडनाव लिहा.

परतीचं पाकीट

हे छोटं दिसतं पण इथे लोकांचे दाखले अडकतात. जर्मनीत पोस्टमन दारावरचं किंवा लेटरबॉक्सवरचं आडनाव बघून टपाल टाकतो, आपल्यासारखं फ्लॅट नंबर आणि "शिंदेंच्या वर" असं चालत नाही. भाचेसुनेचं आडनाव माहेरचं, बॉक्सवर फक्त भाच्याचं. तर परतीच्या पाकिटावर ज्याचं आडनाव बॉक्सवर आहे त्याचंच नाव घाला, किंवा बॉक्सवर दोन्ही आडनावं चिकटवा, नाहीतर टपाल परत फिरतं. पत्रातल्या परतीच्या पत्त्याचं नाव आणि पाकिटावरचं नाव एकच असू द्या.

परतीचं पाकीटही न दुमडता ए४ मावणारं घ्या, जाणाऱ्या पाकिटात ते एकदा घडी घालून ठेवलं तरी चालतं, कागद नाही घडी घालायचे. तिकीट रजिस्टर्डचं, तिकडे त्याला आइनश्रायबेन म्हणतात, वजन करून लावा, परत येताना मूळ दाखल्याबरोबर नवीन सर्टिफिकेटही असणार हे धरून थोडं जास्त. जाणारं पाकीटही रजिस्टर्डच. बाहेर पत्त्याखाली "जन्मनोंदणी, कलम ४(१)" आणि एमएचए नंबर इंग्रजीत लिहिलं की टपाल योग्य टेबलावर जातं.

पाठवल्यानंतर

ट्रॅकिंगवर पोचल्याचं दिसलं की दोन-तीन दिवस थांबून एक छोटा ईमेल, विषयात तोच एमएचए नंबर, "अमुक तारखेला पोचलं आहे, काही कमी असेल तर कळवा". रोज फोन करू नका. उत्तर "अमुक कागद हवा" असं आलं तर तो पाठवताना परत पत्र लागतंच, पण चार ओळींचं: नंबर, तुमच्या अमुक तारखेच्या ईमेलच्या संदर्भात, सोबत अमुक कागद, इतकी पानं. पुन्हा सगळी यादी नको.

सर्टिफिकेट आलं की पाकीट फोडल्या फोडल्या नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आईबापाची नावं जन्मदाखल्याशेजारी ठेवून वाचा. चूक असेल तर त्याच दिवशी कळवा, कारण पुढचा पासपोर्टचा अर्ज याच्यावर उभा राहतो.

आमचं आलं तेव्हा भाच्याने ग्रुपवर फोटो टाकला आणि माझ्या आईने, म्हणजे बाळाच्या पणजीने, चष्मा लावून वाचून पहिलाच प्रश्न विचारला, "बापाचं नाव कुठे गेलं गं याच्यातनं?" तिला सांगितलं, पासपोर्टवर बापाचं आणि आईचं नाव शेवटच्या पानावर वेगळं छापून येतं, गेलेलं नाही कुठे. पासपोर्टचा अर्ज वेगळ्या साइटवर, वेगळ्या नंबरचा, त्याचं कव्हरिंग लेटरही वेगळं करायचं. दोन्ही अर्ज एकाच पाकिटात चालतात असं तुमच्या मिशनने लिहिलं असेल तरी पत्रं दोन, गठ्ठे दोन, आणि जन्मदाखल्याच्या प्रती दोन्हीकडे.